दोन तास मागायचे की अर्धा दिवस?

*मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. वेळ नऊ ते साडेपाच. मागे एकदा आईच्या औषधांसाठी दोन तास बाहेर जायचं होतं, साहेब "जा" म्हणाले, मी गेले, आणि पगारात अर्धा दिवस कापून आला. म्हणून गेल्या महिन्यात २० तारखेला लॉकरच्या सहीसाठी बँकेत जायला रीतसर दोन तास मागितले, तर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सुट्टीचा अर्ज टाक." मी मुकाट्याने पूर्ण सीएल टाकली. आता १४ तारखेला, मंगळवारी, मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात सव्वाअकराची अपॉइंटमेंट आहे. एकच सीएल उरलीय. ती टाकू का? की पुन्हा दोन तासच मागू? मागायचे तर कसे?*
*— एक वाचक, विश्रांतवाडी*

ताई, मंगळवारी तुम्हाला पूर्ण रजेची गरज नाही, पण दोन तासही पुरणार नाहीत. पहिला अर्धा दिवस घ्या. असं का म्हणते ते नीट सांगते, कारण एकदा हा हिशेब हाताला बसला की पुढच्या प्रत्येक कामाला तो तुमचा तुम्हाला मांडता येईल.

मी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात बावीस वर्षं काढली. गेटपास, मस्टर, उशिराचे शेरे, पगाराच्या तक्रारी, सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. परवानगी मागणारे बहुतेक जण एकच चूक करतात. ते काम किती वेळाचं आहे ते सांगतात, आपण टेबलावर किती वेळ नसणार ते सांगत नाहीत. "पासपोर्टचं काम तासाभराचं आहे" हे खरं असतं. पण साहेबांना आणि टाइम ऑफिसला त्या तासाशी काही देणंघेणं नसतं. त्यांचं घड्याळ तुम्ही गेटबाहेर पाऊल टाकलं की सुरू होतं आणि गेटातून परत आत आलात की थांबतं.

त्या घड्याळाने तुमचा मंगळवार मोजून बघू. सव्वाअकराची वेळ म्हणजे अकराला दारात हवं, पंधरा मिनिटं आधी. नऊला कंपनीत येऊन पंच करून तिथून निघायचं म्हटलं, तर भोसरीहून दिघी, विश्रांतवाडी, येरवडा, कल्याणीनगर, मग पूल ओलांडून कोरेगाव पार्कमार्गे मुंढवा. दुचाकीवर तास धरा, मुंढवा चौकात अडकायचं ते धरून. म्हणजे दहाला दहा मिनिटं कमी असताना निघायला हवं. आत तीन टप्पे आहेत. ए काउंटरवर कागद, फोटो आणि बोटांचे ठसे, बी काउंटरवर कागदांची पडताळणी, सी काउंटरवर मंजुरी. गर्दी बेताची असेल तर तासाभरात सुटका होते, पण दीड तास धरून चालणं शहाणपणाचं. पावणेएकला बाहेर, पावणेदोनला परत भोसरीत. पावणेदहा-दहाच्या सुमारास गेलेली बाई पावणेदोनला परतली, म्हणजे जवळजवळ चार तास झाले. त्यात जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी वजा केली तरी साडेतीन उरतात. ही परवानगी नव्हे, हा अर्धा दिवसच आहे. तुम्ही दोन तास मागून चार तासांनी आलात, तर पुढच्या वेळी खरोखरच दोन तासांचं काम असताना तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवेल?

आता यातली दुसरी गोष्ट बघा. नऊला कंपनीत जाऊन पन्नास मिनिटं बसायचं आणि निघायचं, यात कुणाचाच फायदा नाही. धड काम होत नाही, आणि विश्रांतवाडीहून भोसरी, तिथून परत विश्रांतवाडीवरूनच मुंढवा, असा उलटा फेरा मात्र पडतो. तुमचं घर वाटेतच आहे. सरळ घरून सव्वादहाला निघा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पोहोचाल. पावणेएकला बाहेर पडून पावणेदोनला टेबलावर या. नऊ ते दीड पहिला अर्धा दिवस धरत असतील, तर जास्तीची फक्त पंधरा मिनिटं उरतात. तेवढी मागून घेता येतात. अर्धी सीएल जाईल, अर्धी शिल्लक राहील.

ती शिल्लक महत्त्वाची आहे, कारण पासपोर्टचं काम एका फेरीत होईलच असं नसतं. एखादा मूळ कागद घरी राहिला किंवा आधारवरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता जुळला नाही, तर काम तिथेच अडतं आणि पुन्हा तारीख घ्यावी लागते. सोमवारी रात्री जेवणं झाली की सगळे मूळ कागद आणि त्यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावून ठेवा. अर्जातलं नाव आणि जन्मतारीख प्रत्येक कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि पुन्हा तारीख घ्यायची वेळ आलीच, तर सकाळची पहिली वेळ मिळते का ते बघा. दिवसाच्या टोकाला असलेलं काम नेहमी स्वस्त पडतं. मधोमध असलं की जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही रस्ते कंपनीच्या वेळेतून जातात.

मग दोन तासांची परवानगी कुठे बसते? तुमच्या लॉकरच्या सहीला ती अगदी चपखल बसली असती. बँक जवळपासची, वेळ तुमच्या हातातली, सही करून निघायचं. सव्वादहाला बाहेर आणि सव्वाबाराच्या आत परत. असल्या कामाला रजेचा अर्ज लागायला नको, आणि बऱ्याच कंपन्यांत लागतही नाही. महिन्यातून एक-दोनदा, एकदोन तास, खातेप्रमुखाच्या सहीने, अशी कुठे लेखी तर कुठे रुळलेली पद्धत असते. तुमच्याकडे ती नेमकी काय आहे ते एचआरला एकदा सरळ विचारा: महिन्यात किती वेळा, एका वेळी किती तास, आणि भरून काढावे लागतात का. मात्र हे लक्षात असू द्या की हा कायद्याने मिळालेला हक्क नाही. कारखान्यांच्या कायद्यात भरपगारी वार्षिक रजा आहे, पण दोन तास बाहेर सोडण्याचं कलम नाही. ती कंपनीच्या नियमांची आणि साहेबांच्या मर्जीची बाब. म्हणूनच ती कधी आणि कशी मागितली याला इतकं वजन येतं.

इथे तुम्हाला स्पष्ट सांगते, रागावू नका. तुम्ही २० तारखेला मागितलीत. अकाउंट्सच्या माणसाने २० तारखेला! दर महिन्याचं जीएसटीचं ३बी रिटर्न त्याच दिवशी जायचं असतं, पोर्टल त्याच दिवशी रडतं, आणि साहेबांच्या डोक्यात त्या दिवशी तेवढंच असतं. त्यांचं सगळ्यांसमोर बोलणं चुकीचंच होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. पण "अर्ज टाक"चा त्या दिवशीचा अर्थ "मला आत्ता विचारू नकोस" एवढाच असावा. तुम्ही तो शब्दशः घेतलात आणि दोन तासांच्या कामाला एक अख्खी सीएल गेली. तुमच्या खात्याचं पंचांग तुम्हाला माझ्याहून पाठ आहे: ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला ३बी. स्वतःच्या कामाची तारीख निवडायची मुभा असेल तेव्हा हे दिवस आणि त्यांचे आदले दिवस टाळा. लॉकरची सही २२ तारखेलाही झाली असती.

मंगळवारी १४ आहे, म्हणजे पीएफचा आदला दिवस. अपॉइंटमेंट ठरलेली आहे, ती बदलू नका. पण साहेबांच्या मनात पहिला प्रश्न पीएफच्या चलनाचाच येणार, हे ओळखून त्याचं उत्तर मागण्याच्या आतच ठेवा. आज-उद्याच त्यांच्याशी दोन मिनिटं बोला, सकाळी आल्या आल्या नको आणि जेवायच्या वेळेलाही नको. दुपारी चहानंतर. आणि बोलून झालं की लगेच मेल किंवा व्हॉट्सॲपवर एवढंच टाका:

*"सर, बोलल्याप्रमाणे मंगळवारी १४ तारखेला पासपोर्टची अपॉइंटमेंट आहे, सव्वाअकरा, मुंढवा. पहिला अर्धा दिवस सीएल घेते, पावणेदोनपर्यंत टेबलावर येते. पीएफचं चलन सोमवारी चारपर्यंत तपासायला देते. सकाळी बँकेचं काही आलं तर शेजारच्या टेबलावर सांगून ठेवलंय, मी फोनवर आहे."*

यात कधी नसणार, कधी परत येणार आणि मागे काय अडणार नाही, एवढं सगळं आलं. बाकी काही लिहू नका. आमच्याकडे लोक परवानगीच्या चिठ्ठीवर अख्खी कहाणी लिहायचे, सासूबाईंच्या गुडघ्यांपासून सुरुवात करून. सांगितलेलं कारण जितकं लांब, तितकी ऐकणाऱ्याला त्यात फट शोधायची इच्छा होते. "बँकेत सही", "पासपोर्ट", "मुलाच्या शाळेत बोलावलंय", एवढं पुरे. काम खरोखर खासगी असेल, डॉक्टरकडचं किंवा कोर्टातलं, तर "वैयक्तिक काम आहे, वेळ टाळता येत नाही" एवढं सांगितलं तरी चालतं. वेळेची माहिती मात्र पूर्ण द्या. आणि आठवडाभर आधी ठरलेल्या कामाला "अर्जंट" म्हणू नका. ज्या दिवशी घरून खरंच धावत यायला सांगतील, त्या दिवसासाठी तो शब्द राखून ठेवा.

आता तुमच्या कापलेल्या अर्ध्या दिवसाबद्दल. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं याच एका कारणाने झाली. साहेब "जा" म्हणाले, ते खरंच म्हणाले. पण पगार साहेब करत नाहीत. पंचिंगचं मशीन तास मोजतं, त्यातून यादी निघते, आणि ती यादी बघणाऱ्या माणसाने तुमचं आणि साहेबांचं बोलणं ऐकलेलं नसतं. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ठराविक तासांची रेघ आखलेली असते. दिवसाचे तास त्या रेघेखाली गेले की यंत्र आपोआप अर्धा दिवस लावतं. मध्ये परवानगीची नोंद पडली, तरच तो वेळ हजेरीत धरला जातो. म्हणजे तोंडी "जा" तुम्हाला गेटबाहेर पाठवायला पुरतं, पगार वाचवायला पुरत नाही.

त्यासाठीच गेटपास असतो, कागदाचा असो की ॲपमधला. त्यावर नाव, खातं, बाहेर जायची वेळ, वैयक्तिक की कंपनीचं काम, आणि साहेबांची सही. गेटवरचा सिक्युरिटीवाला बाहेर पडल्याची आणि परत आल्याची वेळ त्यावर टाकतो आणि तो दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसला जातो. दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. परत आल्यावर "इन" वेळ टाकून घेतल्याशिवाय आत जाऊ नका, कारण अर्धवट पास म्हणजे टाइम ऑफिसच्या लेखी तुम्ही परत आलाच नाहीत. आणि वैयक्तिक कामाला "कंपनीचं काम" अशी खूण कधीच करू नका, साहेब स्वतः "ऑन ड्युटी टाक" म्हणाले तरी नको. रजा वाचते हे खरं, पण ती खोटी नोंद आहे आणि सही तुमची आहे. त्या वेळात रस्त्यात काही झालं, तर ती कामावर असतानाची दुर्घटना की नाही, हा प्रश्न त्या एका खुणेवरून उभा राहतो.

न सांगता सटकणाऱ्यांबद्दल मला राग आहे, आणि त्याला कारण आहे. एका दुपारी आमच्याकडे सायरन वाजला, मॉक ड्रिल होती. सगळे मोकळ्या जागेत जमले, शिरगणती झाली, आणि एक माणूस कमी. मशीनप्रमाणे तो आत होता. ड्रिल आहे हे फार थोड्यांना माहीत होतं, त्यामुळे फायर टीममधली दोन मुलं मुखवटे चढवून त्याला शोधायला शेडमध्ये शिरली. वीस मिनिटांनी तो गेटावर हजर झाला, हातात मुलीच्या शाळेची फी भरल्याची पावती. गेटवर ओळख होती, म्हणून पासशिवाय गेला होता. त्याला कुणी काही बोललं नाही. घामाने निथळत मुखवटे काढणाऱ्या त्या दोघांकडे बघत तो उभा राहिला. त्या दिवसापासून मी गेटपासला कटकट म्हणणाऱ्याला ही गोष्ट सांगते. तुमची कंपनी एमआयडीसीत आहे, म्हणून तुम्हालाही सांगितली.

मग पूर्ण रजा कधी टाकायची, त्याचं उत्तर थोडकं आहे. काम कधी संपेल हे तुमच्या हातात नसेल तेव्हा. दस्त नोंदणीचं काम, कोर्टाची तारीख, घरच्या कुणाची छोटीशी का होईना पण शस्त्रक्रिया. अशा वेळी अर्धा दिवस मागून सतत घड्याळाकडे बघत राहण्यापेक्षा सरळ अर्ज टाकलेला बरा. पुण्याबाहेर जायचं असेल तेव्हाही. एकाच दिवशी दोन कामं जोडली तर बहुतेक वेळा पूर्ण रजाच लागते, आणि सीएल एकच उरलेली असताना तशी कामं जोडून एकदाच रजा घेण्यात शहाणपण आहे. फक्त रविवारला लागून शनिवारी-सोमवारी रजा घेण्याआधी कंपनीचा नियम बघा. काही ठिकाणी मधला रविवारही रजेत धरतात.

अर्धा दिवस लागला आणि तुम्हाला दीडच तास पुरला, तर लवकर येऊन बसा, बिघडत नाही. पण उलटं झालं, रांग हलत नाही आणि पावणेदोनला पोहोचणं जमणार नाही असं दिसलं, तर ते दिसताक्षणी कळवा. साडेबाराला "तीनपर्यंत येते" असा निरोप आला तर साहेब दुपारचं काम हलवू शकतात. तोच निरोप पावणेदोनला आला, तर त्यांच्या हातात चिडण्याशिवाय काही उरत नाही.

राहिला तो जुना कापलेला अर्धा दिवस. त्यात दोन शक्यता आहेत. तुमच्या खात्यातली अर्धी सीएल वजा झाली असेल, तर तो कंपनीच्या रजेच्या नियमाचा भाग आहे आणि तो त्या नियमाच्या आधारेच मिटवावा लागेल. पण सीएल शिल्लक असताना थेट पैसे कापले असतील, तर गोष्ट वेगळी. गैरहजेरीबद्दल पगार कापताना गैरहजर वेळेच्या प्रमाणापेक्षा जास्त कापता येत नाही. हे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून चालत आलेलं तत्त्व आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ते आहे. दोन तासांचे चार तास होत नाहीत. पगाराची पावती काढा, त्या तारखेचे पंच बघा आणि आधी साहेबांकडे जा, कारण "हो, मी सोडलं होतं" हे तेच लिहून देऊ शकतात. त्यांची एका ओळीची मेल घेऊन मग एचआरकडे हजेरी दुरुस्तीचा अर्ज करा. पगाराची यादी बंद होण्याच्या आत, म्हणजे बहुतेक ठिकाणी महिन्याच्या शेवटच्या आठवड्याआधी, तो दिलात तर फरक पुढच्या पगारात येतो. कलमाचा उल्लेख पहिल्या भेटीत करू नका. "सर, त्या दिवशी मी दोन तास बाहेर होते, कापला अर्धा दिवस, हे पंच" एवढ्यावर बहुतेक वेळा काम होतं.

चलनाचं मात्र सोमवारी चारपर्यंत नक्की करा.